सुट्टीच्या दिवशी पाठवू नये

शनिवारी सकाळी सहा वाजता सिस्टरनी डायलिसिस केंद्राचं शटर वर केलं तेव्हा पायरीवर आठ माणसं उभी होती. हवी होती सहा. सिस्टरना आधी वाटलं आपण नीट मोजलं नाही. पुन्हा मोजलं, तर तोवर रिक्षातून नववा उतरला.

"काका, तुम्ही काल येऊन गेलात ना?" त्यांनी नवव्याला विचारलं.

"आलो होतो की. पण मेसेज आला, शनिवारी या म्हणून. म्हटलं, पोटॅशियम वाढलं असेल."

केंद्र लहान होतं. सहा यंत्रं, सहा खुर्च्या, सकाळची एक पाळी, दुपारची एक. म्हणजे सोमवार-बुधवार-शुक्रवारची बारा माणसं आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारची बारा. हा संसार सिस्टरनी अकरा वर्षं एका वहीवर आणि स्वतःच्या घशावर चालवला होता. सुट्टी आली की आदल्या आठवड्यात एकेकाला फोन करायचा, ऐकू न येणाऱ्यांशी ओरडून बोलायचं, सुनेला सांगायचं, सुनेनं सांगितलं का ते मुलाला विचारायचं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि ते सांभाळायला आपली मेहुणी आणून बसवली. बाई तिशीपुढची, हुशार, चष्म्याच्या वरून बघणारी. सगळे तिला मेहुणीच म्हणत. सिस्टर मेहुणीबाई म्हणत, आणि त्यातला 'बाई' जरा लांबवत.

मेहुणीचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरला आता सुट्ट्या कळतात. सरकारी सुट्ट्यांचं कॅलेंडर त्यात आहे. प्रत्येक आठवणीच्या, म्हणजे आपोआप जाणाऱ्या मेसेजच्या, खाली एक ओळ असते. सुट्टी आली तर काय करायचं: आदल्या कामाच्या दिवशी न्यायची, पुढच्या कामाच्या दिवशी न्यायची, की पाठवायचीच नाही. एकदा सांगून ठेवलं की झालं, वर्षभर बघायला नको.

येत्या सोमवारी सुट्टी होती, केंद्र बंद. शुक्रवारच्या माणसांना मंगळवारी बोलावलं तर एकतर मंगळवारच्या खुर्च्या भरलेल्या, वर चार दिवसांचं अंतर पडतं. चार दिवस म्हणजे अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम चढतं, आणि ते चढलं की हृदय कुणाला विचारून थांबत नाही. म्हणून ठरलं होतं की रविवारी केंद्र खास उघडायचं आणि सोमवारवाल्यांना रविवारी घ्यायचं. मेहुणीनं सांगितलं होतं, "मी 'आदला कामाचा दिवस' ठेवलंय. आपोआप जाईल मेसेज." आणि सिस्टरनी शुक्रवारी प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन, मोठ्या आनंदानं, एवढंच सांगितलं होतं, "मेसेज येईल तसे या." घसा वाचला म्हणून त्या खूश होत्या.

आता शटर धरून त्या उभ्या होत्या आणि दहावा माणूस रस्ता ओलांडत होता.

मेहुणी साडेसहाला आली, गर्दी बघून सरळ खुर्चीत बसली, तीन-चार ठिकाणी बोट आपटलं आणि म्हणाली, "रविवार आपला बंदच असतो ना. मग याच्या दृष्टीनं सोमवारचा आदला कामाचा दिवस शनिवार झाला. रविवार उघडा आहे हे त्याला सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं त्याला कळेल."

"त्याला कसं कळेल? ते काय आपल्या मीटिंगला बसलं होतं?" सिस्टर म्हणाल्या. अजूनही पुष्कळ म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांना थोडं बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन महिने त्या या क्षणाची वाट बघत असाव्यात. मेहुणीचे कान लाल झाले. तिनं रविवार 'कामाचा दिवस' केला आणि सोमवारवाल्यांना नवा मेसेज पाठवला. पायरीवर पाच-सहा फोन एकदम वाजले.

तेवढ्यानं गोंधळ मिटायला हवा होता, उलट तो वाढला. सोमवारवाले घरी जाईनात; आता आलोच आहोत तर करून टाका, म्हणू लागले. शनिवारवाल्यांना वाटलं आपला नंबर जातोय. शिवणकामवाल्या काकू शनिवारच्या, सकाळच्या पाळीच्या. त्यांनी दारातली गर्दी पाहिली, शेजारी उभ्या बाईच्या फोनवर 'रविवारी या' वाचलं, आणि आपलंही रविवारीच असणार असं समजून सरळ घरी गेल्या. त्या गेल्याचं सिस्टरना नऊ वाजता कळलं. फोन केला तर काकू म्हणाल्या, आता मी जेवले, आता उद्याच येते. सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि बरं म्हटलं.

रविवारी मात्र सगळं सुरळीत चाललं, इतकं की सिस्टरना चैन पडेना. मेहुणीनं यादी छापून दिली होती. सकाळी पाच नावं, दुपारी सहा. सिस्टरनी एकेका नावावर खूण केली, वजन घेतलं, सुया टोचल्या. पाच जण पाच खुर्च्यांवर, आणि सहा नंबरची खुर्ची रिकामी.

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या, "काकूंना जागा मिळाली."

सहा नंबरच्या खुर्चीचं छोटं चाकांचं टेबल डाव्या बाजूला होतं. काकूंचा डायलिसिसचा हात उजवा. सिस्टरनी टेबल ओढून उजवीकडे घेतलं, त्याचं एक चाक अडकलं म्हणून पायानं ढकललं, आणि कामाला लागल्या.

पण दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. घरातून निघताना गॅस बंद केला का, असं जसं रस्त्याभर वाटत राहतं, तसं. त्यांनी यादी पुन्हा पाहिली. यादीतली सगळी आली होती. दुपारची सहा आली, तीही यादीप्रमाणे. डॉक्टर फेरीला आले, त्यांनी विचारलं, "सगळे झाले?" सिस्टर म्हणाल्या, "यादीतले झाले." मग स्वतःच्याच उत्तरावर त्या अडखळल्या. अकरा वर्षांत त्यांनी असं उत्तर कधी दिलं नव्हतं. त्या म्हणत, झाले. आज 'यादीतले' कुठून आलं तोंडात? थकल्यामुळे असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

सोमवारी सुट्टी. नवरा उशिरापर्यंत झोपला, मुलगी त्याहून. सिस्टर सवयीनं पाचला उठल्या आणि रिकाम्या स्वयंपाकघरात काय करावं ते न सुचून डबे पुसत बसल्या. मनात मोजणी चालू झाली. एक नंबर खुर्ची, निवृत्त कारकून. दोन नंबर, कपाळावर टेंगूळ असलेले. तीन, चार, पाच. सहा, काकू. सहा. दुपारचे सहा. बारा. बरोबर आहे की. बारा म्हणजे बारा.

जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांनी हे सात-आठदा मोजलं. दर वेळी बारा यायचे आणि दर वेळी त्या पुन्हा पहिल्या खुर्चीपासून सुरू करायच्या. नवऱ्यानं विचारलं, "ओठ काय हलवतेस?"

"माणसं मोजतेय."

"कसली माणसं? सुट्टी आहे आज."

"बारा होतात."

"मग बारा हवीत ना?"

"हवीत बाराच."

"मग?"

"तेच कळत नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना खरंच रडू येईल असं वाटलं. मुलगी म्हणाली, आई, तुला सुट्टी झेपत नाही.

मग जेवताना त्यांना मीठ हवं होतं. मिठाची बरणी डावीकडे होती. ती त्यांनी उजवीकडे ओढली आणि हात तसाच राहिला.

सहा नंबरचं टेबल त्यांनी ओढलं होतं. डावीकडून उजवीकडे. ते डावीकडे होतं, कारण सोमवारी सकाळी त्या खुर्चीत डायलिसिसचा हात डावा असलेला माणूस बसतो. चार वर्षं बसतो. काकू तर शनिवारच्या. त्यांना धरून बारा, म्हणजे सोमवारचे अकराच.

"माळीकाका," त्या म्हणाल्या.

माळीकाकांचा विसर पडावा यात आश्चर्य नव्हतं, आणि तेच वाईट होतं. सरकारी बागेत उभी हयात गेलेला माणूस. येतो, नमस्कार करतो, हात पुढे करतो, झोपतो, उठतो, नमस्कार करून जातो. यंत्र वाजत नाही, पायात गोळा येत नाही, तक्रार नाही. कुरकुरणाऱ्या अकरा जणांची नावं ओठांवर असतात. हा माणूस सिस्टरना फक्त टेबलाच्या जागेतून आठवला.

त्यांनी उष्ट्या हातानं फोन लावला. काकांचा बंद. घरचा लावला, तो सुनेनं उचलला.

"बाबा ना? ते नणंदेकडे गेलेत, कालच. मेसेज आला नाही ना तुमचा. पाच वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसले होते दोन्ही दिवस. मग म्हणाले, सुटलो मी."

"सुटलो म्हणजे?"

"म्हणजे, डॉक्टर मागच्या महिन्यात म्हणाले होते ना, रिपोर्ट छान आहेत. बाबांना वाटलं, आता कमी केलं असेल. चांगलंच आहे की."

सिस्टरनी मुलीचा नंबर घेतला. मुलगी दोन तासांच्या अंतरावर राहत होती. तिच्या आवाजात घरभर माणसं असल्याचा आनंद होता. हो, बाबा इथंच आहेत. मजेत आहेत. किती वर्षांनी मनासारखं खाल्लं त्यांनी, केळी खाल्ली, संत्री खाल्ली, पाणी तर तांब्यानं प्यायले. जरा दमल्यासारखं वाटतंय आज.

"दमल्यासारखं म्हणजे कसं? झोपता येतंय का आडवं?"

"नाही, रात्री बसूनच होते. आडवं झालं की दम लागतो म्हणाले. प्रवासानं असेल."

"प्रवासानं नाही," सिस्टर म्हणाल्या. "नीट ऐका. केळं, संत्रं, पाणी, काही देऊ नका आता. तुमच्या गावात डायलिसिस होतं का कुठं?"

होत नव्हतं. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी एकच विचारलं, शेवटचं कधी झालं? शुक्रवारी. मग म्हणाले, "ऑक्सिजनवाली अँब्युलन्स मी पाठवतो त्यांच्याकडे. वाटेत छातीत काही झालं तर पहिलं दिसेल त्या हॉस्पिटलात थांबायचं, इकडचा हट्ट नको. नाहीतर इकडे आणा. तुम्ही केंद्र उघडा."

केंद्र उघडणं म्हणजे नुसतं शटर उघडणं नव्हे. पाणी शुद्ध करणारं यंत्र आधी चालू करावं लागतं, त्याचं पाणी तपासावं लागतं, तेव्हा कुठं डायलिसिसचं यंत्र सुरू होतं. ते करणारा तंत्रज्ञ सासुरवाडीला जेवत होता. ताट सोडून आला. मेहुणीला कुणी बोलावलं नव्हतं, तीही आली. सिस्टरशी न बोलता कॉम्प्युटर लावून बसली.

पाच वाजता काकांना आणलं. ओठ जरा निळसर, पाय सुजून चकचकीत. खुर्चीत बसताना त्यांनी नमस्कार केला, आणि तो सिस्टरना सहन झाला नाही. वजन शुक्रवारपेक्षा पाच किलोनं जास्त. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, कागदावर बोट ठेवून सिस्टरना पोटॅशियम चढल्याची एक टोकदार लाट दाखवली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "लावा लवकर. पाणी एकदम खेचू नका." टेबल डावीकडे ओढलं. सुया लागल्या. रक्त नळीत चढलं आणि यंत्र फिरू लागलं.

पहिला तास सिस्टर हलल्या नाहीत. दर दहा मिनिटांनी रक्तदाब, दर दहा मिनिटांनी आलेख. दुसऱ्या तासात काकांचा श्वास लांब झाला. डॉक्टर म्हणाले, निभावलं.

त्या मेहुणीच्या टेबलापाशी गेल्या. सगळं आवाज न चढवता म्हणायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

"शनिवारी एक घोळ केलास, तो कळला. पण हा? ह्या माणसाला मेसेजच नाही? माणूस जात होता आज."

मेहुणीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. सोमवारवाल्यांची एक आठवण होती, तिच्यात अकरा नावं. माळीकाका त्यात नव्हतेच. त्यांची वेगळी होती, त्यांच्या एकट्यासाठी, पहाटे पाचची. खाली ओळ होती: सुट्टीच्या दिवशी पाठवू नये. त्याच्या खाली बारीक अक्षरात, ही आठवण कुणी तयार केली ते. सिस्टर.

सिस्टरना क्षणभर वाटलं, हे खोटं आहे. मग आठवलं. कॉम्प्युटर आला त्याच आठवड्यात काका म्हणाले होते, मी आठलाच झोपतो, संध्याकाळचा मेसेज मला दिसत नाही, पहाटे पाचला वाजवा. मेहुणी जेवायला गेली होती. सिस्टरनी म्हटलं, त्यात काय, मलाही येतं. पहाटे पाचची एक आठवण आधीच होती, तंत्रज्ञासाठी, पाण्याचं यंत्र चालू करण्याची. त्यांनी तिची नक्कल केली, तंत्रज्ञाचं नाव काढून काकांचं घातलं, वार बदलले, आणि एवढं जमल्याचं नवऱ्याला घरी जाऊन सांगितलंही. खालची ओळ त्यांनी पाहिली नाही. केंद्र बंद असताना पाण्याचं यंत्र लावायचं नसतं, म्हणून तिथं ती ओळ बरोबरच होती. काकांची सोमवारची आठवण मग रविवारी सरकली नाही, शनिवारीही नाही. ती गेलीच नाही, आणि जी आठवण जाणार नाही तिच्यातलं नाव यादीतही छापलं गेलं नाही.

"तुम्ही कधी केलं मला माहीत नव्हतं," मेहुणी म्हणाली. "मीही बघायला हवं होतं. बारातले अकराच आले यादीत."

सिस्टरनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. शनिवारी जे सगळ्यांसमोर बोलल्या ते सगळं त्यांच्या कानात वाजत होतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "शनिवारचंही चुकलं. एवढं बोलायला नको होतं." मेहुणीनं मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळून काकांची ती आठवण पुसून टाकली, बाराव्या जागी त्यांचं नाव घातलं.

सिस्टर खुर्चीपाशी येऊन स्टुलावर बसल्या. काका जागे होते.

"काका, एक सांगायचंय. मेसेज आला नाही ते माझ्यामुळे. मी तुमचं नाव चुकीच्या ठिकाणी घातलं. कुणी काही कमी केलेलं नाही."

काका छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी बरा झालो नाही."

"नाही, काका."

"रिपोर्ट छान म्हणाले होते."

"छान आहेत. ते डायलिसिसमुळे छान आहेत."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांनी उजव्या हातानं चादर नीट केली. "मला वाटलंच होतं थोडं. दम लागला तेव्हा वाटलं. पण पोरगी इतकी खूश होती, मग म्हटलं बोलू नये." आणि म्हणाले, "दोन दिवस होतो मात्र मी बरा. पाणी पीत होतो आणि कुणी मोजत नव्हतं."

काका रागावले असते, तर सिस्टरना बरं वाटलं असतं. शिव्या घातल्या असत्या तर त्या ऐकून घेतल्या असत्या.

"तिला कोण सांगणार?" काकांनी विचारलं. "मला नाही जमायचं ते. तुम्ही सांगता का?"

सिस्टर उठल्या. बाहेरच्या बाकावर मुलगी बसली होती. मांडीवर बापाची पिशवी, पिशवीत घडी केलेले कपडे. दार उघडल्याबरोबर ती उभी राहिली. वडिलांचा श्वास सुधारला हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"माझीच चूक सिस्टर, फळं द्यायला नको होती एवढी," ती म्हणाली. "आता नीट पथ्य सांभाळीन मी. आता पुढचं डायलिसिस कधी, महिन्यानं ना?"

सिस्टरनी तिचा हात हातात घेतला आणि तिला पुन्हा बाकावर बसवलं.

"परवा," त्या म्हणाल्या. "बुधवारी."